अ‍ॅपमध्ये सगळे खर्च टाकले, तरी शेवटची बाकी चुकीची का दिसते?

ट्रिप संपते, गाडी सोलापूरच्या सात रस्त्याला येऊन थांबते, आणि रात्री ग्रुपवर खर्च वाटून देणाऱ्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पडतो. ज्याने सगळ्यात जास्त पैसे भरले त्याचं येणं किरकोळ दिसतं. ज्याने निघण्याआधीच हजार रुपये दिले होते त्याच्यावर हजाराचं देणं निघतं. मग "काय बे, मी तुझ्याकडून कधी पैसे घेतले?" असं सुरू होतं. अ‍ॅपची बेरीज-वजाबाकी सहसा बरोबरच असते. गडबड असते ती नोंदीच्या प्रकारात: जे खर्च नव्हतं ते खर्च म्हणून टाकलेलं असतं, किंवा जे दिलं ते घेतलं म्हणून.

पुढच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे जातात. पहिल्या तीन फोन हातात धरून दोन मिनिटांत होतात. बहुतेक ग्रुपना शेवटच्या तपासणीपर्यंत जावं लागत नाही.

## आधी लक्षणं

यातलं नेमकं कुठलं दिसतंय ते ठरवा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

- ज्याच्याशी थेट व्यवहारच झाला नाही त्याचं देणं दिसतं.
- दोघांच्या फोनवर एकाच ग्रुपची बाकी वेगवेगळी दिसते.
- सगळ्यांचा हिशोब सारख्याच रकमेने चुकतो, फक्त एकाचा त्याच्या उलट दिशेने आणि कितीतरी मोठ्या रकमेने.
- पैसे देऊन झाले तरी देणं कमी होण्याऐवजी वाढलं.
- ग्रुपचा एकूण खर्च हातातल्या बिलांपेक्षा जास्त दिसतो.
- काही पैशांचा किंवा एखाद्या रुपयाचा फरक.

शेवटच्या लक्षणाचा निकाल इथेच लावून टाकू. १,००० रुपये तिघांत वाटले की दोघांना ३३३.३३ आणि एकाला ३३३.३४ येतात. प्रत्येक बिलात पैशाभराचा फरक, म्हणून चाळीस बिलं असली तरी एखाद्याच्या बाकीत अर्ध्या रुपयाच्या आसपासच फरक पडतो. तो सोडून द्या. मात्र फरक पाच-दहा रुपयांचा असेल तर त्याला राउंडिंग म्हणू नका, कुठलं तरी बिल चुकलेलं आहे.

## उदाहरणाचे आकडे

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर समजून घेऊ. समजा अमोल, श्रीनू, मल्लू आणि इरफान असे चौघं शनिवारी पहाटे सोलापुरातून निघाले, विजापूर आणि बदामी करून रविवारी रात्री परतले. गाडी अमोलची. खर्च चारच धरू:

- डिझेल ३,२०० रुपये, अमोलने भरले.
- बदामीचा लॉज ३,६०० रुपये, श्रीनूने भरले.
- शनिवारचं जेवण २,४०० रुपये, मल्लूने भरले.
- रविवारचा नाश्ता आणि जेवण १,२०० रुपये, इरफानने भरले.

एकूण १०,४०० रुपये, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २,६००. शिवाय निघण्याआधी तिघांनी अमोलकडे प्रत्येकी १,००० रुपये काँट्री जमा केली होती.

आता खिशाचा हिशोब. ही एक ओळ पाठ असली की अर्धी भांडणं मिटतात: खिशातून गेलेले, वजा खिशात आलेले, वजा आपला वाटा. उत्तर अधिक आलं तर येणं, उणे आलं तर देणं.

इरफानच्या खिशातून १,२०० आणि काँट्रीचे १,००० मिळून २,२०० गेले. वाटा २,६००. म्हणजे त्याचं देणं ४००. मल्लूचे ३,४०० गेले, त्याचं येणं ८००. श्रीनूचे ४,६०० गेले, येणं २,०००. अमोलने डिझेलला ३,२०० भरले, पण तिघांकडून ३,००० घेतले होते, म्हणजे त्याच्या खिशातून खरे २०० च गेले. त्याचं देणं २,४००.

येणं २,८००, देणं २,८००. हे बरोबर उत्तर. अ‍ॅपमध्ये याहून वेगळं दिसलं की कुठंतरी नोंद चुकली.

## पहिली तपासणी: सगळे एकच आकडा बघताय का?

चौघांनी एकाच वेळी फोन घ्या, इंटरनेट चालू असल्याची खात्री करा, ग्रुप उघडा आणि यादी खाली ओढून ताजी करा. बदामीसारख्या ठिकाणी रेंज नसताना टाकलेलं बिल बरेचदा टाकणाऱ्याच्याच फोनमध्ये अडकून राहतं. त्याला ते दिसतं, बाकीच्यांना दिसत नाही. बिलांची संख्या मोजा. एकाकडे चार आणि दुसऱ्याकडे तीन असतील तर पुढे जायचं कारणच नाही. नव्याने दुसरी नोंद टाकायची घाई मात्र करू नका, नाहीतर अडकलेली नोंद रेंज आल्यावर चढते आणि एकच बिल दोनदा लागतं.

त्याचबरोबर कुठला स्क्रीन बघताय ते पाहा. मित्राच्या नावापुढे दिसणारा आकडा हा बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्याच्याशी असलेल्या सगळ्या व्यवहारांचा असतो: ही ट्रिप, फ्लॅटचा ग्रुप, आणि गेल्या महिन्यात ग्रुपबाहेर टाकलेली चहाची उधारी, सगळं मिळून. ट्रिपची बाकी ट्रिपच्या ग्रुपमध्ये जाऊनच वाचायची. ट्रिपचं एखादं बिल चुकून ग्रुपबाहेर टाकलं गेलं असेल तर तेही इथेच सापडतं: मित्राच्या पानावर आहे, ग्रुपमध्ये नाही.

## दुसरी तपासणी: माणसं मोजा

ग्रुपच्या सेटिंगमध्ये सदस्य किती आहेत? गाडीत चार होते, तर यादीत चारच हवेत. एकाने इरफानला मोबाइल नंबरने जोडलं आणि दुसऱ्याने ईमेलने, तर यादीत दोन इरफान होतात. त्यातला एक कधीच उघडला न जाणारा, भुतासारखा बसून राहतो. समान वाटणीत अ‍ॅप त्यालाही वाटा देतं. डिझेलचे ३,२०० चौघांत ८०० पडायला हवेत ते पाच जणांत ६४० पडतात, आणि भुताच्या नावावर ६४० चं देणं चढतं, जे कोणीच देणार नाही.

वाटा थोडा कमी आला म्हणून कोणी तक्रार करत नाही, त्यामुळे ही चूक शेवटपर्यंत लपून राहते. उपाय सरळ: प्रत्येक बिल उघडून भुताच्या नावाची खूण काढा, त्याने भरलेलं काही दिसत असेल तर ते खऱ्या इरफानच्या नावावर घ्या, आणि त्याची बाकी शून्य झाली की त्याला ग्रुपमधून काढा. बाकी शून्य नसताना काढायला गेलात तर काही अ‍ॅप काढूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

## तिसरी तपासणी: देणं सोपं करण्याचा पर्याय

"मी मल्लूकडून एक रुपया घेतला नाही, मग त्याला ४०० का द्यायचे?" हा इरफानचा प्रश्न चूक नाही आणि अ‍ॅपचं उत्तरही चूक नाही. ग्रुपच्या सेटिंगमध्ये Simplify debts किंवा तशाच नावाचा पर्याय चालू असतो. तो चालू असला की अ‍ॅप जोडीजोडीचे व्यवहार बाजूला ठेवून कमीत कमी हस्तांतरणात सगळं मिटवायचा मार्ग काढतं.

इरफानचे जोडीजोडीचे व्यवहार मांडून बघा. अमोलच्या डिझेलमधला त्याचा वाटा ८००. पण अमोलवर इरफानच्या जेवणाचे ३०० आहेत आणि काँट्रीचे १,०००. म्हणजे अमोलकडूनच इरफानला ५०० यायचे. श्रीनूला लॉजचे ९०० द्यायचे, त्याच्याकडून जेवणाचे ३०० यायचे, म्हणजे ६०० देणं. मल्लूला ६०० द्यायचे, ३०० यायचे, म्हणजे ३०० देणं. एकूण ५०० येणं आणि ९०० देणं, निव्वळ ४०० देणं.

तीन व्यवहारांऐवजी अ‍ॅप एकच सांगतं: इरफानने मल्लूला ४०० द्यावेत. अमोलने श्रीनूला २,००० आणि मल्लूला ४०० द्यावेत. संपलं. अमोलकडून येणारे ५०० गेले कुठं? ते अमोलने इरफानऐवजी पुढच्याला दिले. पेठेतले व्यापारी एकमेकांची उधारी तिसऱ्याकडे वळती करून घ्यायचे, तसंच हे आहे.

म्हणून तपासणी अशी: पर्याय चालू असताना आणि बंद असताना प्रत्येकाची निव्वळ बाकी लिहून घ्या. कोणाला द्यायचे ती नावं बदलतील, पण निव्वळ आकडा बदलता कामा नये. तो तोच राहिला तर इथे काही बिघडलेलं नाही, पुढच्या तपासणीकडे जा.

खरी अडचण होते ती हा पर्याय पैसे देताना मध्येच बदलला तर. समजा इरफानने चालू स्थितीतलं वाचून मल्लूला ४०० दिले. तेवढ्यात अमोलने पर्याय बंद केला, त्याला "इरफानला ५०० द्या" असं दिसलं आणि त्याने तेही पाठवले. आता इरफानकडे ५०० जास्त आलेत आणि श्रीनू, मल्लू अजून वाट बघतायत. त्यामुळे आधी ठरवा, चालू की बंद, मग सगळ्यांनी एकाच वेळी वाचा आणि सगळी देणी मिटेपर्यंत त्या सेटिंगला हात लावू नका. कालचा स्क्रीनशॉट बघून आज पैसे पाठवायचे नाहीत, मधल्या वेळात कोणी बिल बदललेलं असू शकतं.

## चौथी तपासणी: काँट्री खर्चात तर पडली नाही?

आपल्याकडच्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच. आपण आधी काँट्री काढतो, एकाकडे जमा करतो आणि मग तो खर्च करत जातो. अ‍ॅपला ही पद्धत आपोआप कळत नाही. श्रीनूने अमोलला हजार दिले, मग कोणीतरी अ‍ॅप उघडून Add expense दाबतं, लिहितं "अ‍ॅडव्हान्स, १,०००, भरणारा श्रीनू", आणि वाटणी समान अशीच राहू देतं.

अ‍ॅपच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते बघा. श्रीनूने चौघांसाठी हजाराची काहीतरी वस्तू घेतली. म्हणून श्रीनूचा स्वतःचा वाटा २५० कापला आणि त्याला ७५० चं येणं मिळालं, तेही अमोलकडून एकट्याकडून नाही, तिघांकडून २५०-२५०. मल्लू आणि इरफानच्या हजाराचंही तसंच. तिन्ही नोंदी मिळून प्रत्येकाला हजाराऐवजी फक्त २५० जमा झाले. अमोलच्या नावे तीन हजार पडायला हवे होते, तिथे ७५० च पडले.

शेवटी स्क्रीनवर दिसतं ते असं:

- श्रीनू: येणं १,२५०. खरं २,०००.
- मल्लू: येणं ५०. खरं ८००.
- इरफान: देणं १,१५०. खरं ४००.
- अमोल: देणं १५०. खरं २,४००.

येण्याची बेरीज १,३००, देण्याची बेरीजही १,३००. म्हणून "बेरीज जुळते, म्हणजे हिशोब बरोबर" असं समजणं फसवं आहे. प्रत्येक नोंद स्वतःतच जुळलेली असते, त्यामुळे चुकीच्या नोंदींचीही बेरीज शून्यच येते.

मग ओळखायचं कसं? दोन खुणा आहेत. पहिली, ग्रुपच्या एकूण खर्चाची. अ‍ॅप १३,४०० दाखवतं आणि हातातली बिलं १०,४०० ची आहेत. जास्तीचे ३,००० म्हणजे नेमकी जमा झालेली काँट्री. दुसरी, फरकाची. तिघांचा हिशोब सारख्याच ७५० ने कमी आहे आणि एकाचा २,२५० ने हलका झालाय. ज्याच्या बाजूला तिप्पट फरक, पैशाची थैली त्याच्याकडे होती.

दुरुस्ती करायला त्या तीन नोंदी खोडा. मग Settle up मध्ये जाऊन Record a payment निवडा: देणारा श्रीनू, घेणारा अमोल, रक्कम १,०००. अ‍ॅप स्वतःहून वेगळी रक्कम सुचवेल, ती पुसून १,००० लिहा. "अजून देणंच नाही तर सेटल-अप कसलं?" म्हणून लोक इथे थबकतात. ट्रिपआधी ही नोंद केली तर अमोल श्रीनूचे हजार देणं लागतो असं दिसेल, आणि तेच खरं आहे. त्याच्याकडे श्रीनूचे हजार रुपये ठेवलेले आहेत. अमोलने त्यातून डिझेल भरलं की ते "अमोलने भरले" असंच टाकायचं.

थोडे जास्त काळजीवाले लोक दोन्ही करतात: काँट्री पेमेंट म्हणून टाकतात, आणि डिझेलचं बिल मात्र "चौघांनी मिळून भरलं" असं टाकतात. मग तेच पैसे दोनदा धरले जातात. दोन्हीपैकी एकच पद्धत ठेवा. थैली ज्याच्याकडे, भरणारा तोच, ही पद्धत सोपी.

फ्लॅटच्या डिपॉझिटचंही हेच दुखणं आहे. जुळे सोलापुरात तिघांनी फ्लॅट घेतला, डिपॉझिट २४,०००, प्रत्येकी ८,०००. वर्षभराने एक जण सोडून गेला आणि नव्या मुलाने त्याला ८,००० हातात दिले. मालकाकडचं डिपॉझिट जसंच्या तसं आहे, उरलेल्या दोघांचा या व्यवहाराशी संबंध नाही. तरी कोणीतरी ते ८,००० खर्च म्हणून टाकतं आणि जुन्या दोघांच्या नावावर विनाकारण वाटा चढतो. डिपॉझिट रोजच्या खर्चाच्या ग्रुपमध्ये ठेवूच नका. कोणाचे किती, तारीख कोणती, हे वेगळ्या ग्रुपमध्ये किंवा साध्या कागदावर लिहून त्याचा फोटो सगळ्यांकडे ठेवा.

## पाचवी तपासणी: सेटल-अपची दिशा

पैसे दिल्यावर देणं वाढलं असेल तर थेट इथे या. इरफानने मल्लूला ४०० पाठवले. नोंद मल्लूने त्याच्या फोनवरून केली आणि देणारा-घेणारा उलटा पडला. आता अ‍ॅप म्हणतं, इरफानचं देणं ८००. शून्य व्हायला हवं होतं. फरक दिलेल्या रकमेच्या बरोबर दुप्पट, आणि दिशा चुकल्याची खूण तीच. जुने मुनीम खतावणीत फरक आला की आधी त्याचा निम्मा करून ती रक्कम शोधायचे, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. अ‍ॅपमध्येही तेच करा.

दुसरा प्रकार: दोघांनीही तीच नोंद केली. इरफानने "मी दिले" टाकलं, मल्लूने "मला मिळाले" टाकलं. मग इरफानचं ४०० देणं जाऊन ४०० येणं दिसतं. आकडा तोच, बाजू उलटी. एक नोंद खोडली की झालं. पुढे वाद नको असेल तर नियम ठेवा की नोंद घेणाऱ्यानेच करायची, खात्यात रक्कम दिसल्यावर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अ‍ॅपमध्ये पेमेंटची नोंद झाली म्हणजे पैसे गेले असं नाही. बऱ्याचदा ती नुसती वहीतली ओळ असते. पैसे गेल्याचा पुरावा यूपीआयच्या इतिहासात असतो: तारीख, रक्कम, आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक. "मी तर केव्हाच दिले" असं कोणी म्हणालं की आवाज चढवण्याआधी हा क्रमांक मागा.

## सहावी तपासणी: एकेक बिल उघडा

आता वेळ लागणारं काम. प्रत्येक बिलात तीनच गोष्टी बघायच्या: रक्कम, भरणारा, आणि वाटणीत कोण कोण.

भरणारा चुकतो कारण अ‍ॅप आपोआप नोंद टाकणाऱ्यालाच भरणारा धरतं. मागे बसलेल्या मल्लूने सगळी बिलं टाकायचं काम घेतलं असेल, तर लॉजचे ३,६०० श्रीनूऐवजी त्याच्या नावावर गेले का ते बघा. तसं झालं असेल तर श्रीनूची बाकी ३,६०० ने खाली आणि मल्लूची तेवढीच वर असते. बाकी दोघांना काहीच फरक पडत नाही, म्हणून ते "आमचं तर बरोबर आहे" म्हणत बसतात.

वाटणीत चुका होतात त्या खासगी वस्तूंच्या. बदामीत मल्लूने आईसाठी इरकल साडी घेतली, त्याचं यूपीआय चालेना म्हणून श्रीनूने १,६०० भरले. नोंद टाकताना वाटणी समान राहिली तर मल्लूला साडी ४०० ला पडली आणि अमोल, इरफान, श्रीनू तिघांनी ४००-४०० ची भेट दिली. बरोबर नोंद: भरणारा श्रीनू, वाटणीत फक्त मल्लू. परतताना घरच्यांसाठी घेतलेल्या खाऊचंही तसंच, पिशवी कोणाची ते विचारून टाका.

फ्लॅटमध्ये हाच प्रश्न गैरहजेरीचा असतो. पंधरा दिवस गावी गेलेल्याने डब्याचे पैसे द्यायचे नाहीत हे सगळ्यांना पटतं, पण पाण्याच्या टँकरचं काय, लाइट बिलाचं काय, यावर आधीच ठरवलेलं नसतं. हा अ‍ॅपचा बिघाड नाही. आधी तोंडाने ठरवा, मग त्याप्रमाणे नाव काढा किंवा दिवसांच्या प्रमाणात वाटा टाका. दर महिन्याला आपोआप पडणारी भाड्याची नोंदही उघडून बघा. सोडून गेलेल्याचं नाव तिच्यात राहिलं असेल तर दर एक तारखेला तीच चूक नव्याने उगवते.

रकमेसाठी मुनिमांचीच आणखी एक युक्ती. एकूण खर्च आणि बिलांची बेरीज यांतल्या फरकाला ९ ने निःशेष भाग गेला, तर कुठंतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडल्याची शक्यता असते. २,४०० चे ४,२०० झाले की फरक १,८००. खात्री नव्हे, पण कुठलं बिल आधी बघायचं ते कळतं. ही युक्ती एकूण रकमेवर लावायची, एकाच्या बाकीवर नाही, कारण तिथे फरक वाटला गेलेला असतो.

## शेवटची तपासणी: शीटवर पुन्हा मांडणी

इतकं करूनही जुळत नसेल तर ग्रुपच्या सेटिंगमधून स्प्रेडशीट उतरवून घ्या, ती सोय नसेल तर नोंदी हाताने उतरवा. नावं देवनागरीत असतील तर उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर अक्षरांचा भुगा दिसू शकतो. गूगल शीट्समध्ये उघडा, बहुतेक वेळा नीट दिसतात.

नव्या शीटमध्ये रकाने असे घ्या: A तारीख, B तपशील, C रक्कम, D भरणारा, आणि E ते H मध्ये अमोल, श्रीनू, मल्लू, इरफान यांचे वाटे रुपयांत. एकमेकांना दिलेले पैसेही याच यादीत बसतात: देणारा तो भरणारा, आणि पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या रकान्यात. श्रीनूने दिलेली काँट्री म्हणजे C मध्ये 1000, D मध्ये श्रीनू, E मध्ये 1000, बाकीचे रिकामे.

प्रत्येक ओळीसमोर I मध्ये पहिलं सूत्र टाका, त्याचं उत्तर शून्य यायला हवं. दुसरं सूत्र अमोलची बाकी देतं. बाकीच्यांसाठी नाव आणि शेवटचा रकाना बदला.

```
=C2-SUM(E2:H2)
=SUMIF(D$2:D$60,"अमोल",C$2:C$60)-SUM(E$2:E$60)
```

आपल्या उदाहरणात चार खर्च आणि काँट्रीच्या तीन ओळी टाकल्या की अमोलला -2400, श्रीनूला 2000, मल्लूला 800, इरफानला -400 येतं. SUMIF ला नाव अक्षरशः तेच लागतं. "श्रीनू" आणि "श्रीनु" ही त्याच्यासाठी दोन माणसं आहेत, त्यामुळे भरलेले पैसे गुपचूप गळतात. चौघांच्या बाकीची बेरीज शून्य येत नसेल तर आधी स्पेलिंग बघा.

शीटचं उत्तर आणि अ‍ॅपचं उत्तर वेगळं आलं तर चौघांचे फरक शेजारी लिहा. दोघांचाच फरक असेल तर भरणारा किंवा पेमेंटची दिशा चुकलेली आहे, नाहीतर एखादं पेमेंट गाळलं वा दोनदा पडलं. सगळ्यांचा असेल तर वाटणी चुकली, किंवा एखादं बिल गाळलं वा दोनदा पडलं. Activity मध्ये कोणी कोणतं बिल केव्हा बदललं किंवा खोडलं तेही दिसतं. खोडलेलं बिल तिथून परत आणता येतं.

## इथे थांबा

शीट बरोबर, सगळ्यांना मान्य, तरी अ‍ॅप वेगळंच दाखवतंय, असं असेल तर नोंदी ढवळत बसू नका. शीटप्रमाणे पैसे देऊन मोकळे व्हा. अ‍ॅपच्या मदत विभागाला स्क्रीनशॉटसह कळवा, जुना ग्रुप तसाच ठेवा. फरक जुळवण्यासाठी "अ‍ॅडजस्टमेंट ३५०" अशी बनावट नोंद टाकली तर खरी चूक कायमची पुरली जाते.

खात्यातून पैसे कापले गेले पण मित्राला पोचले नाहीत, तर हा अ‍ॅपचा विषय नाही, बँकेचा आहे. यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडे जाणारे पैसे असे अडकले तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई लागू होते. तोवर तीच रक्कम पुन्हा पाठवू नका. परत आले नाहीत तर यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार टाका, आणि मग १२ अंकी क्रमांक घेऊन बँकेत जा.

सेटल-अपच्या नावाखाली अनोळखी नंबरवरून मेसेज आला आणि पैसे "मिळवण्यासाठी" पिन मागितला तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला गेला असेल तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, इथे जाणारा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

आणि फ्लॅटचा मालक डिपॉझिट परत देत नसेल, किंवा करारावर एकाचंच नाव असताना बाकीचे भाडं नाकारत असतील, तर त्याचं उत्तर कुठल्याच शीटमध्ये नाही. करारनामा आणि बँकेचे उतारे घेऊन वकिलाकडे जा.